मोजता येत असेल तर वर्गमूळ कशाला?

आनुवंशिकीच्या प्रकरणाच्या शेवटी हा प्रश्न ठरलेलाच असतो. एका लोकसंख्येत दर दहा हजार जन्मांमागे एका बाळाला अमुक अप्रभावी आजार होतो, म्हणजे जनुकाचे सदोष रूप, ॲलील, आई आणि बाप दोघांकडून आले तरच होणारा आजार, तर त्या ॲलीलची एकच प्रत असलेल्या वाहकांचे प्रमाण काढा. उत्तरही चार ओळींचे. आजारी बाळांचे प्रमाण म्हणजे q², म्हणजे 0.0001. त्याचे वर्गमूळ 0.01, हे q, म्हणजे त्या ॲलीलचे प्रमाण. मग दुसऱ्या ॲलीलचे p झाले 0.99 आणि वाहक म्हणजे 2pq, 0.0198. साधारण पन्नासात एक. पूर्ण गुण.

या चार ओळींत एकच जागा नाजूक आहे, आणि ती पहिलीच आहे. आजारी बाळांच्या प्रमाणाला q² म्हटले, त्याच क्षणी ही लोकसंख्या हार्डी-वाइनबर्ग समतोलात आहे, म्हणजे तिच्यात निरोगी, वाहक आणि आजारी यांचे प्रमाण p², 2pq, q² असेच आहे, असे आपण मान्य करून टाकले. पुढे उरतो तो नुसता हिशोब. समतोल खरोखर आहे का, हे त्या हिशोबातून कधीच कळत नाही, कारण तपासायला हातात दुसरा आकडाच नसतो. एका आकड्यावरून एक अज्ञात काढले, की ताळा करायला काही उरत नाही. वर्गमूळ काहीही असो, p² + 2pq + q² = 1 जुळणारच. ‘बेरीज एक आली, म्हणजे उत्तर बरोबर’ असे लिहिणारे पुष्कळ असतात. ती बेरीज p + q = 1 धरल्यामुळे एक आली आहे, लोकसंख्येने त्यात काहीच केलेले नाही.

समीकरण मुळात सांगते ते इतकेच. आईबापांच्या पिढीतली सगळी बीजे एका साठ्यात आहेत असे धरा. त्यात A ॲलील p प्रमाणात, दुसरे q प्रमाणात. दोन बीजे कोणतीही आवडनिवड न करता जोडली गेली, तर दोन्हीकडून A येण्याची शक्यता p × p, दोन्हीकडून दुसरे येण्याची q × q, आणि एक-एक येण्याची 2pq, कारण ते दोन प्रकारे घडू शकते. 1908 साली केंब्रिजचे गणिती जी. एच. हार्डी आणि श्टुटगार्टचे डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग यांनी हे स्वतंत्रपणे मांडले. गणित म्हणून ते शाळकरी आहे. महत्त्वाची आहे ती त्यातली दुसरी बाजू: अशी जुळणी एकदाच झाली, तरी जनुकप्ररूपांचे, म्हणजे ॲलीलच्या जोड्यांचे, हे प्रमाण एका पिढीत तयार होते. त्यासाठी शेकडो पिढ्या लागत नाहीत. ही ‘एका पिढीत’ची गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे ती दगा देणार आहे.

आता जिथे तिन्ही जनुकप्ररूपे वेगवेगळी मोजता येतात, असे उदाहरण घेऊ. सिकलसेलमध्ये हे शक्य आहे, कारण वाहकाच्या रक्तात साधे आणि सिकल असे दोन्ही हिमोग्लोबिन असतात आणि विजेच्या साहाय्याने प्रथिने वेगळी करणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये त्यांचे दोन वेगळे पट्टे दिसतात. साध्या ॲलीलला A म्हणू, सिकलच्या ॲलीलला S. नायजेरियातल्या इबादान शहरातल्या योरूबा प्रौढांची आकडेवारी या विषयात प्रसिद्ध आहे. एकूण 12,387 माणसे. त्यांपैकी AA 9365, AS 2993 आणि SS 29.

इथे समीकरणाला हात लावायचे कारणच नाही. ॲलील सरळ मोजायचे. प्रत्येक माणसाकडे या जनुकाच्या दोन प्रती, म्हणून एकूण प्रती 24,774. SS माणसाकडे S च्या दोन प्रती, AS कडे एक. S च्या एकूण प्रती 2 × 29 + 2993 = 3051. भागाकार करा: q = 3051 ÷ 24,774 = 0.1232. उरलेले p = 0.8768. झाले. या मोजणीत कसलेही गृहीतक नाही. लग्ने कशी जुळतात, कोण जगते, कोण मरते, कशाशीही तिला देणेघेणे नाही. समतोल असो वा नसो, मोजलेल्या माणसांत S चे प्रमाण इतकेच आहे.

याच माणसांवर आता प्रकरणातली नेहमीची रीत लावून पाहा. समजा AS आणि AA यांतला फरक आपल्याला दिसत नाही, फक्त 29 आजारी माणसे दिसतात. q² = 29 ÷ 12,387 = 0.00234. वर्गमूळ 0.0484. वाहक 2 × 0.9516 × 0.0484, म्हणजे साधारण 9.2 टक्के, सुमारे 1140 माणसे. प्रत्यक्षात वाहक 2993 आहेत, 24 टक्के. वाहकांचा अंदाज निम्म्याहूनही कमी भरला. तोही आकडेमोडीत कुठेही न चुकता, अगदी पुस्तकात दिलेल्या पायऱ्यांनी. वाहकांसाठी समुपदेशनाची सोय या अंदाजावर आखली, तर अठराशे माणसे हिशोबातच नसतील.

म्हणून क्रम असा असावा, असे माझे मत आहे: तिन्ही प्रकार मोजता येत असतील, तर q मोजूनच काढायचे. समीकरण त्यानंतर आणायचे, आणि तेही अपेक्षा काय होती हे विचारायला. वर्गमूळ हा नाइलाजाचा मार्ग आहे. परीक्षेत मात्र तिन्ही आकडे दिलेले असतानाही हात आपोआप सर्वांत लहान आकड्याच्या वर्गमूळाकडे जातो. आधी त्या q वरून p आणि 2pq काढायचे आणि मग लोकसंख्या समतोलात आहे का हे त्यांच्यावरूनच ठरवायचे, हा घोळ इथूनच सुरू होतो.

मोजलेल्या q वरून अपेक्षा काढू. AA साठी p² × 12,387 = 9523.9. AS साठी 2pq × 12,387 = 2675.3. SS साठी q² × 12,387 = 187.9. प्रत्यक्षाशी ताडून पाहिले, तर AA 158.9 ने कमी, AS 317.7 ने जास्त, SS 158.9 ने कमी. या तीन फरकांकडे नीट बघा. दोन्ही टोकांना सारखीच तूट आणि मधे बरोबर दुप्पट वाढ (शेवटच्या अंकातला फरक आकडे तोडल्याचा). हा योगायोग नाही. q आपण याच माणसांत मोजले, म्हणून अपेक्षित संख्यांमध्येही S च्या प्रती तेवढ्याच असाव्या लागतात. टोकाची दोन माणसे कमी झाली, तर मधली दोन वाढलीच पाहिजेत. तीन आकडे दिसत असले तरी मोकळा फरक एकच उरतो. प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्यांतला फरक नुसता योगायोगाचा आहे का, हे तपासणाऱ्या काय-स्क्वेअर चाचणीत इथे स्वातंत्र्यांश, म्हणजे मोकळे फरक, दोन न धरता एक धरतात, त्याचे कारण हेच. शिवाय हा हाताशी असलेला फुकटचा ताळाही आहे. तुमचे फरक −x, +2x, −x असे आले नाहीत, तर कुठेतरी बेरीज चुकली आहे किंवा q लवकर तोडले आहे. q = 0.12 धरून पाहा, SS ची अपेक्षा 188 ऐवजी 178 येते आणि हा साचा मोडतो. किमान चार दशांश ठेवावेत.

काय-स्क्वेअर काढताना प्रत्येक फरकाचा वर्ग करून अपेक्षित संख्येने भागायचे. AA कडून 2.65, AS कडून 37.7, SS कडून 134.4. बेरीज जवळपास 175. एका स्वातंत्र्यांशाला पाच टक्क्यांची मर्यादा 3.84 आहे, म्हणजे नुसत्या योगायोगाने ती शंभरात पाच वेळाच ओलांडली जाते. म्हणजे शंकेला जागाच नाही. एक सूचना द्यायलाच हवी: हे गणित माणसांच्या संख्येवर करायचे, टक्क्यांवर नाही. टक्के घातले, तर 12,387 माणसांची साक्ष शंभर माणसांची होऊन बसते आणि 175 चे 1.4 होतात. मग उत्तर येते ‘समतोल आहे’.

फरक एकाच आकड्यात सांगायची सोपी रीतही आहे. प्रत्यक्ष वाहक भागिले अपेक्षित वाहक काढायचे आणि ते एकातून वजा करायचे. याला F म्हणतात. इथे 1 − 2993 ÷ 2675.3 = −0.119. उणे म्हणजे वाहक अपेक्षेपेक्षा जास्त, अधिक म्हणजे कमी. आणि गंमत अशी, की दोन ॲलीलच्या बाबतीत काय-स्क्वेअर म्हणजे माणसांची संख्या गुणिले F चा वर्ग, दुसरे काही नाही. 12,387 × 0.119² करून पाहा, तेच 175 येतात. यातून चाचणीची मर्यादाही उघडी पडते. F = 0.05 इतके विचलन खरोखर असेल, तर ते 3.84 च्या पुढे जायला सुमारे 1540 माणसे तपासावी लागतात. शंभर माणसांच्या नमुन्यात त्याचे काय-स्क्वेअर 0.25 च्या आसपास घुटमळेल. एवढ्या नमुन्यावर ‘लोकसंख्या समतोलात आहे’ असे लिहिणे म्हणजे दिवा न लावता खोली रिकामी असल्याचे सांगणे.

इबादानमध्ये विचलन का आले, हे गृहीतकांच्या यादीतून शोधायचे. यादी सगळ्यांना पाठ असते: लोकसंख्या मोठी, जुळणी यादृच्छिक, उत्परिवर्तन नाही, स्थलांतर नाही, निवड नाही. पाचही एका दमात म्हटली जातात, जणू सगळ्यांचे वजन सारखेच. तसे नाही. उत्परिवर्तन इतके विरळ घडते, की एका पिढीत ते जनुकप्ररूपांच्या प्रमाणाला ढकलू शकत नाही. लोकसंख्या लहान असेल, तर q पिढीगणिक भरकटते, पण त्या त्या पिढीत नव्या q नुसार प्रमाण जवळपास जुळलेलेच दिसते. प्रत्यक्ष आकडेवारीत अपेक्षा मोडते ती बहुधा तीन कारणांनी: काहींचा मृत्यू आधी होतो, जुळणी यादृच्छिक नसते, किंवा नमुना आणि तपासणी यांतच खोट असते.

इबादानची माणसे प्रौढ आहेत हे इथे निर्णायक आहे. समीकरण बीजांच्या जोडणीबद्दल बोलते, म्हणजे गर्भधारणेच्या क्षणाबद्दल. आपण मोजले वीस-पंचवीस वर्षांनंतर. मधल्या काळात SS बाळांपैकी बरीचशी दगावली, आणि फाल्सिपेरम मलेरियाने AA मुलांपैकी काहींना नेले. AS मुले या दोन्हींतून त्यांच्यापेक्षा जास्त प्रमाणात वाचली. म्हणून दोन्ही टोकांना तूट आणि मधे वाढ.

आता ती एका पिढीची गोष्ट आठवा. या वाचलेल्या प्रौढांची लग्ने यादृच्छिक जुळली, तर त्यांच्या नवजात बाळांत प्रमाण पुन्हा p², 2pq, q² असेच असेल. त्याच शहरात नाळेचे रक्त तपासले, तर काय-स्क्वेअर निमूटपणे 3.84 च्या खाली बसेल, आणि ‘निवड नाही’ असा निष्कर्ष कोणीतरी काढेल. निवड तर जोरात चालू आहे, तिने फक्त या बाळांना अजून गाठलेले नाही. म्हणून चाचणी पार पडली याचा अर्थ पाचही गृहीतके खरी आहेत असा होत नाही. कोणत्या वयात मोजले, हे न लिहिता दिलेला समतोलाचा निकाल अर्धाच.

वाहक कमी भरतात तेव्हा, म्हणजे F अधिक येते तेव्हा, शोध दुसरीकडे घ्यावा लागतो. विदर्भ आणि नंदुरबारकडे सिकलसेलच्या पाहण्या होतात, तिथे ही अडचण मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. एकाच तालुक्यात अनेक समाज राहतात आणि लग्ने बहुतेक समाजाच्या आतच होतात. समजा एका समाजात q 0.3 आहे, शेजारच्या समाजात S नाहीच, आणि दोन्हींची सारखीच माणसे एका यादीत आली. दोन्ही समाज आपापल्या परीने अगदी समतोलात आहेत. एकत्र यादीत q 0.15 येते, आणि अपेक्षा सांगते वाहक 25.5 टक्के, SS 2.25 टक्के. प्रत्यक्षात पहिल्या समाजात वाहक 42 टक्के आणि दुसऱ्यात शून्य, म्हणजे सरासरी 21. SS पहिल्यात 9 आणि दुसऱ्यात शून्य, म्हणजे सरासरी 4.5. रुग्ण अपेक्षेच्या दुप्पट. कोणी मेले नाही, कोणी आले-गेले नाही, फक्त दोन वेगळ्या साठ्यांना आपण एक समजलो. याला वालुंड परिणाम म्हणतात. ओळखायची खूण सोपी आहे: यादी समाजवार फोडली, की विचलन नाहीसे होते.

फोडूनही विचलन उरले, तर जवळच्या नात्यातली लग्ने पाहावीत. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आपल्याकडे अनेक समाजांत आहे. अशा जोडप्याच्या मुलात एकाच पूर्वजाच्या एकाच ॲलीलच्या दोन प्रती येण्याची शक्यता 1/16 असते. आजारी मूल होण्याची शक्यता मग q² न राहता q² + pq/16 होते. सुरुवातीच्या दहा हजारांत एकवाल्या आजाराला हे लावून बघा: 0.0001 मध्ये 0.00062 मिळवायचे. सातपटीहून जास्त. आजार जितका विरळ, तितकी ही पट मोठी. त्यामुळे जिथे अशी लग्ने बरीच होतात, तिथे आजारी बाळांच्या प्रमाणाचे वर्गमूळ q चा अंदाज फुगवते. इबादानमध्ये याच वर्गमूळाने तो दबवला होता. चूक कोणत्या दिशेला होईल, हेसुद्धा लोकसंख्या ओळखल्याशिवाय सांगता येत नाही.

तपासणीतली खोट सगळ्यात आधी पाहायला हवी, आणि तीच सगळ्यात शेवटी आठवते. गावपातळीवर आधी सोल्युबिलिटी चाचणी करतात. रक्त गढूळ दिसले तर S आहे, एवढेच ती सांगते. AS आणि SS यांत ती फरक करत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन भरपूर असते, म्हणून तिथे ती S असूनही नाही म्हणू शकते. ज्या SS रुग्णाला नुकतेच रक्त चढवले आहे, त्याच्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये दात्याचा A पट्टाही उमटतो आणि तो वाहक म्हणून नोंदला जातो. अशा नोंदी SS कमी करून AS वाढवतात, म्हणजे निवडीसारखाच देखावा उभा करतात. आणि नमुना दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागातून घेतला असेल, तर SS जास्त भरणार हे उघडच आहे. आजारी माणूसच तिथे येतो.

फक्त सोल्युबिलिटीचे आकडे हाताशी असतील, तर नाइलाजाने वर्गमूळ आलेच. पण मग कोणाचे काढायचे, याला पर्याय आहे. चाचणीत नकारात्मक आलेले सगळे AA. इबादानमध्ये ते 9365, म्हणजे 0.756. त्याचे वर्गमूळ p = 0.8695, आणि q = 0.1305. खरे मोजलेले 0.1232. चुकले, पण 0.048 इतके नाही. कारण AA ची तूट साडेनऊ हजारांत 159 आहे, तर SS ची 188 पैकी 159. अपेक्षेच्या तुलनेत ज्या गटाला सर्वात कमी झळ लागली असेल, त्याच्यावरून काढलेला अंदाज सर्वात कमी बिघडतो. विरळ गटाचे वर्गमूळ सर्वात नाजूक असते, आणि पुस्तकातला प्रश्न नेमके तेच मागतो.

इबादानच्या आकड्यांचा पुढचा हिशोबही नेहमी दाखवतात. प्रत्यक्ष भागिले अपेक्षित: AA 0.983, AS 1.119, SS 0.154. AS ला एक धरले तर AA ची तग 0.879 आणि SS ची 0.138. म्हणजे AA चा तोटा 0.121, SS चा 0.862. अशा निवडीत S कुठे स्थिरावेल? AA चा तोटा भागिले दोन्ही तोट्यांची बेरीज: 0.121 ÷ 0.983 = 0.123. मोजलेले q 0.1232! इथे टाळी पडते, आणि वाहकांना मलेरियापासून संरक्षण मिळते या सिद्धांताचा पुरावा म्हणून हा जुळलेला आकडा सांगितला जातो.

तो पुरावा नाही. अपेक्षित संख्या आपण मोजलेल्या q वरूनच काढल्या होत्या. निवडीच्या आधी q तेवढेच आणि नंतरही तेवढेच, हे आपणच मांडणीत घातले. निवड होऊनही q हलले नाही असे एकदा धरले, की स्थिरबिंदू तोच येणार. वाहक जास्त भरलेली कोणतीही तीन संख्या घ्या, रक्त चढवल्यामुळे चुकून वाहक ठरलेल्या रुग्णांची यादी घेतली तरी हा ताळा तितकाच सुंदर जुळेल. पहिल्या प्रश्नातल्या ‘बेरीज एक आली’ची ही मोठी बहीण आहे.

खरा पुरावा या तीन आकड्यांच्या बाहेरून यावा लागतो. 1954 साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या मुलांच्या रक्तात मलेरियाचे परजीवी मोजले, वाहक मुलांमध्ये ते कमी आढळले, आणि S चे जास्त प्रमाण मलेरियाच्या पट्ट्यातच सापडते हेही त्यांनी दाखवले. त्या मोजणीत q² कुठेच नव्हता. इबादानच्या बाबतीत तशी तपासणी करायची, तर नवजातांपासून सुरुवात करावी लागेल: जन्मतः दर 12,387 बाळांत SS जवळपास 188 भरतात का ते पाहायचे, आणि मग त्याच बाळांना वर्षावर्षाला पुन्हा मोजत जायचे, तिन्ही गट वेगवेगळे.